पत्रकात 'भव्य पार्किंग' लिहिण्याआधी

इंदुरातल्या कुठल्याही मंगल कार्यालयाचं पत्रक उचला, तीच चार विशेषणं भेटतील: भव्य, प्रशस्त, सुसज्ज, सर्व सोयींनी युक्त. प्रेसमध्ये बसून ही विशेषणं मी स्वतःही भरपूर टाइप केली आहेत. मग एकदा असं झालं, की ज्या कार्यालयाला मी 'भव्य पार्किंग' लिहून दिलं होतं, तिथेच माझ्या मावसबहिणीचं लग्न ठरलं. मुहूर्त दुपारी साडेबाराचा. अंतरपाट धरला, गुरुजींनी घसा खाकरला, आणि मुलीला बोहल्यावर आणायला मामा नाही! मामा मागच्या दोन गल्ल्यांत गाडी लावायला जागा शोधत फिरत होता. शेवटी गाडी कुणाच्या तरी फाटकासमोर तशीच सोडून धावत आला. मावशीने पत्रक पाहूनच ते कार्यालय घेतलं होतं. ओळी मी लिहिल्या हे तिला आजही माहीत नाही.

तेव्हापासून मी पत्रकाचं काम घेतलं की आधी टेप घेऊन जातो. कुणाच्या भाच्याला, पुतण्याला किंवा नव्या डीटीपीवाल्याला 'आमच्या हॉलचं पत्रक लिहून दे' असं सांगण्यात आलं असेल, तर मी कसं करतो ते इथे सांगतो. उदाहरण अन्नपूर्णा रोडपासून थोड्या आतल्या एका दुमजली कार्यालयाचं घेतो. खाली सभागृह, वर जेवणाचा हॉल, पुढे आणि बाजूला मोकळी जागा. गिऱ्हाईक म्हणजे सुदामा नगर, लोकमान्य नगर, वैशाली नगरातली नोकरदार घरं. तीनशे-साडेतीनशे पाहुणे, आणि खर्चाचा हिशेब वहीत मांडणारा मुलीचा बाप. त्याला तीनच गोष्टी विचारायच्या असतात: गाड्या कुठे लावायच्या, माणसं मावतील का, आणि जेवण आमच्या मनासारखं करता येईल का.

आधी फाटकाशी उभं राहा

मालक आकडा सांगतो तो लिहून घ्या, पण छापू नका. आमच्या मालक-काकांनी छाती ठोकून सांगितलं, "सातशे माणूस आरामात निघतं." खोटं बोलत नव्हते ते. त्यांच्या डोळ्यांसमोर रात्रीचं माळवी रिसेप्शन होतं. लोक आठपासून अकरापर्यंत येतात, पाकीट देतात, जेवतात, निघतात. सातशेतले एका वेळी आत दोनशे-अडीचशेच असतात.

आपल्याकडचं लग्न तसं नसतं. मुहूर्त बाराचा असेल तर साडेअकरापर्यंत रस्ता मोकळा, आणि पुढच्या अर्ध्या तासात सगळं गाव फाटकावर. अक्षता सगळ्यांनाच टाकायच्या असतात. जेवूनही सगळे एकदमच उठतात. म्हणून साडेतीनशे पाहुण्यांचं मराठी लग्न पार्किंगला आणि खुर्च्यांना सातशेच्या रिसेप्शनपेक्षा जड जातं. पत्रकातल्या प्रत्येक आकड्यापुढे 'एका वेळी' हे दोन शब्द लिहायची सवय लावून घ्या. आकडा लहान होतो आणि मालकाचं तोंडही लहान होतं, पण 'सातशे' वाचून आलेलं गिऱ्हाईक हॉल पाहून परत जातं, ते कमी होतं.

दोन-तीन लग्नांना मुहूर्ताआधी पाऊण तास फाटकाशी उभं राहून मोजा. चारचाकी किती, दुचाकी किती, एका गाडीतून किती माणसं उतरली. रिक्षाने आलेले वेगळे. एवढं केलं की पुढचं सगळं सोपं जातं.

पार्किंगची ओळ

या कार्यालयाची मोकळी जागा टेपने मोजली तर ७० फूट बाय ६० फूट, म्हणजे ४,२०० चौरस फूट भरली. त्यातून केटररचा टेम्पो उभा राहायची आणि वळायची जागा काढावी लागते, साधारण ६०० चौरस फूट. ती काढली नाही तर टेम्पो गाड्यांच्या मधोमध अडकतो आणि गरम भांडी डोक्यावरून न्यावी लागतात. उरले ३,६००.

उघड्या जागेत एका मोटारीला, दार उघडायची आणि मागे घ्यायची वाट धरून, साधारण २५० चौरस फूट लागतात. नुसती गाडीची लांबी-रुंदी मोजली तर यापेक्षा फार कमी येतं, आणि फसगत होते ती तिथेच. दुचाकीला वाटेसकट तीस फूट धरले तर पुरतात. नुसत्या मोटारी लावल्या तर इथे चौदा बसतील. पण इंदुरात दुचाकीशिवाय लग्न होत नाही. म्हणून नऊ मोटारींना २,२५० आणि ४५ दुचाकींना १,३५० अशी वाटणी केली. जागा संपली.

आता गरज पाहू. साडेतीनशेतले शंभर बाहेरगावचे. ते दोन बसनी येतात, आणि बस माणसं उतरवून निघून जातात. उरलेल्या अडीचशेतले निम्मे मोटारीने आले आणि एका गाडीत सरासरी साडेतीन माणसं धरली, तर ३६ मोटारी. उरलेले निम्मे दुचाकीने, दोघं-दोघं, म्हणजे ६२ दुचाकी. आपल्याकडे जागा नऊ आणि पंचेचाळीसची. कमी पडल्या २७ मोटारी आणि १७ दुचाकी.

इथे बहुतेक जण 'भव्य' शब्दाकडे वळतात. मी काकांना विचारलं, जवळ रिकामी जागा कुणाची? तीन मिनिटांवर एका शाळेचं मैदान होतं. काकांची ओळख होती, पण ओळख पत्रकात छापता येत नाही. शाळेकडून वर्षाचं लेखी पत्र घ्यायला लावलं. पत्रात शाळेने स्पष्ट लिहिलं की मैदान रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीच मिळेल. आणि मुहूर्त काही रविवार बघून निघत नाही! म्हणून ओळ अशी झाली:

"आवारात एका वेळी ९ मोटारी आणि ४५ दुचाकी. रविवारी व सुट्टीच्या दिवशी चालत ३ मिनिटांवरच्या मैदानात आणखी ३० मोटारी आणि २० दुचाकी, राखणदारासह. कामाच्या दिवशी मैदान मिळत नाही. त्या दिवशी पाहुण्यांना दारात उतरवून गाड्या लावायला आमची दोन माणसं असतात. नवरदेवाच्या आणि मामाच्या गाडीची जागा दोरी लावून राखलेली."

मामाची गाडी मी मुद्दाम घातली. काका हसले, पण बुकिंगला आलेल्या बायका नेमकं तेच वाक्य बोटाने दाखवतात असं नंतर त्यांनीच सांगितलं.

'आमची दोन माणसं' असं छापलं तर ती दोन माणसं खरोखर असली पाहिजेत. एक पहारेकरी, तोच फाटक उघडतो आणि तोच पंपही चालू करतो, असं असेल तर ते वाक्य काढून टाका. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणारी जाहिरात हा स्वतंत्र विषय आहे, आणि पत्रक ही जाहिरातच असते.

माणसं किती मावतात

खालचं सभागृह ६० बाय ४०, म्हणजे २,४०० चौरस फूट. स्टेज २४ बाय १२चं, ते २८८ गेले. स्टेजपुढे अक्षता टाकायला, फोटोवाल्यांना आणि मधल्या वाटेला मिळून चारशे. उरलेल्या सतराशेत खुर्चीमागे साडेसहा फूट धरले तर २६० खुर्च्या. हिशेब कागदावर झाला की तो जमिनीवर करून पाहा. आम्ही एका रिकाम्या दुपारी खरंच खुर्च्या लावल्या. २५८ लागल्या, आणि रुखवताचं टेबल कुठे ठेवायचं हा प्रश्न उरला. ते टेबल दाराशी लावलं तर येणारे तिथेच थबकतात आणि मागे रांग लागते. शेवटी डाव्या भिंतीची एक ओळ काढली. म्हणून छापला आकडा २५०.

साडेतीनशे पाहुणे आणि खुर्च्या अडीचशे, मग लोक पळून नाही का जाणार? नाही जात. मंगलाष्टकं चालू असताना तरणी पोरं उभी असतात, बायका खोलीत मुलीभोवती असतात, काका लोक बाहेर हवा खात असतात. पण हे पत्रकात सांगायचं नसतं. तिथे आकडा सांगायचा, आणि गिऱ्हाईक आपला हिशेब आपण करतं.

वरचा जेवणाचा हॉल ५० बाय ३६, म्हणजे १,८०० चौरस फूट. टेबल-खुर्चीची पंगत बसवायची तर वाढप्याला फिरायच्या वाटेसकट माणशी पंधरा-सोळा फूट जातात. म्हणजे एका पंगतीला सुमारे ११५. काकांच्या वाढप्यांनी टेबलं भिंतीला थोडी सरकवून १२० बसवून दाखवली. एक पंगत बसणं, जेवणं, उठणं आणि टेबल पुसणं यांना चाळीस मिनिटं. साडेतीनशेला तीन पंगती, दोन तास. पावणेएकला पहिली बसली तर पावणेतीनला शेवटची उठते. विहिणींची पंगत आग्रहाने रेंगाळते, तिला दहा मिनिटं वरची द्या.

ओळ:

"सभागृहात २५० खुर्च्या. जेवणाच्या हॉलमध्ये टेबल-खुर्चीची पंगत, एका वेळी १२० पानं. ३५० पाहुणे तीन पंगतींत, सुमारे दोन तासांत जेवतात. रात्रीच्या स्वागत समारंभाला, लोक येऊन-जाऊन असतील तर, ६०० पर्यंत."

शेवटचं वाक्य काकांच्या समाधानासाठी, पण 'येऊन-जाऊन' या शब्दाने ते खरंही झालं. सातशेवरून सहाशेवर मात्र त्यांना यावं लागलं, कारण वरच्या हॉलमध्ये बुफे लावल्यावर एका वेळी दोनशेच्या वर माणूस हातात ताट धरून उभंही राहू शकत नाही. आठ ते अकरा या तीन तासांत दोनशेचे तीन फेरे होतात, चौथा नाही.

जेवणाची ओळ

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. मध्यमवर्गीय घराचं गणित इथेच बसतं किंवा बिघडतं, आणि पत्रकात बहुधा एवढंच छापलेलं असतं: 'उत्कृष्ट केटरिंगची सोय'.

आधी मालकाकडून तीन प्रश्नांची उत्तरं घ्या, आणि घेताना त्यांच्या मॅनेजरलाही शेजारी बसवा, कारण बहुतेक वेळा दोघांची उत्तरं वेगळी निघतात. पहिला प्रश्न, तुमचाच केटरर घ्यावा लागतो का? दुसरा, गिऱ्हाईक आपला केटरर आणू शकतं का, आणि आणला तर तुम्ही काय घेता? तिसरा, किराणा घरचा आणि आचारी घरचा असं चालतं का?

तिसरा प्रश्न ऐकून मालक नाक मुरडतात. पण हळदीला, साखरपुड्याला, मुंजीला शंभर-सव्वाशे माणसांसाठी आपली घरं अजून हेच करतात. आचारी ठरलेला असतो, तो यादी देतो, सामान सियागंजातून येतं. काका या गोष्टीला तयार झाले, तेव्हा अटी मोकळ्या करून घेतल्या: स्वयंपाकघराचं भाडं वेगळं की हॉलच्या भाड्यात? गॅस कोणाचा? पातेली, परात, झारे मिळतात का, आणि हरवलं तर कसं? भांडी कोण घासणार? ओला आणि सुका कचरा वेगळा करून कोण देणार? इंदुरात हा शेवटचा प्रश्न विनोदाचा नाही, कचरागाडीवाला मिसळलेला कचरा घेत नाही. बाहेरच्या केटररला हेही लेखी सांगावं लागतं की थर्माकोलची ताटं-वाट्या चालणार नाहीत. त्यांच्यावर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे.

दुसरी गोम प्लेटच्या मोजणीत आहे. भांडणं इथे होतात. केटरर म्हणतो ३९० प्लेटा लागल्या, मुलीचा बाप म्हणतो माणसं ३५० होती. दोघंही खरे असतात. बुफेत माणूस जेवण झाल्यावर जिलेबीसाठी नवी प्लेट उचलतो, लहान मुलं दोन घास खाऊन प्लेट टाकतात आणि पुन्हा घेतात. पंगतीत पान मोजलं जातं, तिथे वाद नसतो. म्हणून पत्रकात मोजणीची पद्धत लिहा. आमची ओळ अशी होती: "पंगतीला पानावर मोजणी. बुफेला जेवणाच्या मोठ्या प्लेटवर मोजणी. गोडाच्या वाट्या आणि लहान प्लेटा मोजत नाही. पाच वर्षांखालच्या मुलांचं पान मोजत नाही."

मग येते हमीची संख्या. केटररला किती माणसांचं शिजवायचं ते आधी कळावं लागतं, त्याचंही खरं आहे. काकांशी वाद घालून ठरवलं: पक्की संख्या लग्नाच्या तीन दिवस आधी द्यायची, आणि त्यावर दहा टक्के माणसं वाढली तर त्याच भावात. म्हणजे ३०० सांगितले आणि ३३० आले तर भाव बदलत नाही. ३५० आले तर? वरच्या वीस जणांसाठी भात, पोळी आणि एक भाजी मिळेल, पूर्ण मेनूचा शब्द नाही. आणि २७० आले तर? पैसे ३००चेच. काका म्हणाले हे शेवटचं छापू नका, वाईट दिसतं. मी म्हटलं, छापलं नाही तर लग्नाच्या संध्याकाळी तोंडाने सांगावं लागेल, ते जास्त वाईट दिसतं. छापलं. उरलेलं अन्न मात्र डब्यात भरून घरच्यांना न्यायला द्यायचं, हेही त्याच ओळीत आलं, आणि वाचणाऱ्याला तीनशेचे पैसे तितकेसे टोचेनात.

आता मेनू. 'मल्टिक्युझीन' हा शब्द माझ्या हातून तरी निघणार नाही. इंदुरातलं मराठी लग्न म्हणजे बऱ्याचदा मुलगी आपली आणि जावई माळव्यातला, किंवा उलट. दुपारी वरण-भात, अळूची भाजी, मसालेभात, जिलेबी आणि मठ्ठा हवा, तर रात्री वरपक्षाला दाल-बाफले. बाफला आधी उकडून मग गोवऱ्यांच्या आचेवर भाजतात. धूर होतो, आणि बंद स्वयंपाकघरात ते होत नाही. म्हणून काकांचं मागचं अंगण पाहून आलो आणि लिहिलं:

"दुपारी मराठी पंगत, रात्री दाल-बाफले, दोन्ही एकाच छताखाली. मागच्या अंगणात भट्टी लावता येते. सकाळच्या नाश्त्याला पोहे-जिलेबी. थंडीत गराडू. कांदा-लसणाशिवायचा स्वयंपाक वेगळ्या भांड्यांत."

'वेगळ्या भांड्यांत' हे छापायच्या आधी भांडी खरंच वेगळी आहेत का ते बघा. आमच्याकडे नव्हती. काकांनी पातेली आणि झाऱ्यांचा एक जोड विकत घेतला आणि त्यांना हिरवा रंग लावून घेतला. पत्रकामुळे दोन पैसे खर्च झाले म्हणून कुरकुरले, पण जैन कुटुंबाची एक मुंज... चुकलो, साखरपुडा त्याच महिन्यात मिळाला.

भावाचं म्हणाल तर आकडा छापा किंवा छापू नका, पण जीएसटी धरून की वेगळा, हे एका शब्दात असू द्या. साउंड रात्री १० वाजता बंद, हेही छापून टाका. नियम कार्यालयाचा नाही, सगळ्यांचाच आहे.

मराठीतून हिंदीत नेताना

इथलं पत्रक दोन्ही भाषांत लागतं, आणि शब्दाला शब्द ठेवला तर फजिती होते. 'कार्यालय' म्हणजे हिंदी वाचकाला ऑफिस. 'मंगल कार्यालय' वाचून तो कुठल्या खात्याचं ते शोधतो. हिंदी बाजूला 'मांगलिक भवन' किंवा सरळ 'मैरिज हॉल' लिहा. दुसरा खड्डा वरातीचा. आपली वरात लग्नानंतर मुलीला घेऊन निघते, त्यांची बारात लग्नाआधी नवरदेवाला घेऊन येते. 'वरातीसाठी जागा' असं मराठीत छापलं आणि हिंदीत 'बारात के लिए जगह' केलं, तर दोन वाचकांना दोन वेगळ्या वेळा कळतात. आम्ही मराठीत 'नवरदेवाच्या स्वागताला फाटकापुढे ४० फुटांची मोकळी जागा' असं लिहिलं आणि वाद मिटवला.

कुठे काय छापायचं

ए-फोर कागद, तीन घड्या. पहिल्या पानावर नाव आणि सभागृहाचा खुर्च्या लावलेला फोटो, रिकाम्या हॉलचा नको. रिकामा हॉल नेहमी मोठा दिसतो आणि नंतर गिऱ्हाईक तेच म्हणतं. घडी उघडल्यावर तिन्ही ओळी एकाखाली एक, पार्किंग सगळ्यात वर. मागे नकाशा, त्यात पार्किंगचं दार वेगळ्या खुणेने, कारण पाहुण्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर तोच फोटो जाणार असतो.

पत्रक वाटायला सुरुवात झाली की फोनशेजारी एक वही ठेवायला सांगा. फोन करणाऱ्याने पहिला प्रश्न काय विचारला, तेवढंच लिहायचं. एकच प्रश्न तीनदा आला तर ती ओळ पत्रकात नाही असं समजायचं.

काकांच्या वहीत पहिल्या आठवड्यातच पाच वेळा एकच प्रश्न होता. मी पार्किंगचे चौरस फूट मोजले, पानं मोजली, झाऱ्यांचा रंग पाहिला, आणि जेवणाचा हॉल वरच्या मजल्यावर आहे हे एकाही ओळीत लिहिलं नव्हतं. लोक विचारत होते: "आजींना वर कसं न्यायचं, लिफ्ट आहे का?" लिफ्ट नव्हती. हजार पत्रकं छापून झाली होती. दुसऱ्या खेपेला ओळ घातली: "जेवणाचा हॉल पहिल्या मजल्यावर, २२ पायऱ्या, लिफ्ट नाही. ज्येष्ठांसाठी खाली सभागृहाशेजारच्या खोलीत १६ पानांची पंगत." ती खोली आधी गाद्या-उशा ठेवायची होती.